दहा बाय बाराचं थिएटर

लोकांच्या घरी जायचं, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवायची, कान टवकारून गप्प उभं राहायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा आहे. होम थिएटरच्या खोल्या लावून देतो मी. टाळीनंतर नुसती टाळीच ऐकू आली, तर खोली बरी. पण टाळीच्या शेपटीला 'टर्रर्र' असा बारीक, पत्र्यासारखा आवाज लटकलेला असला, तर समजायचं की समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती त्या टाळीचा झेल-झेल खेळताहेत. हे मी यजमानांना सांगितलं की यजमानही टाळी वाजवतात. मग वहिनी वाजवतात, मुलं वाजवतात, पोळ्या करायला आलेल्या मावशीसुद्धा हात पुसून एक वाजवून जातात. पाच मिनिटं घरात आरतीचं वातावरण असतं. प्रसाद म्हणून मी अंदाजपत्रक देतो.

आपल्याकडे थिएटर करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रोजेक्टर घ्यायचा, मग स्पीकर, मग बटण दाबलं की पाय वर येणाऱ्या खुर्च्या. हे सगळं घरात येऊन पडलं की खोली कुठली द्यायची यावर भांडायचं, आणि भांडण मिटलं की फूटपट्टी शोधायची. माझा नंबर फूटपट्टीच्याही नंतर लागतो. तोवर खर्चाचा आकडा ऐकून घरातली एक तरी व्यक्ती अबोला धरून बसलेली असते आणि त्या अबोल्यासकट खोलीचं मोजमाप मला घ्यावं लागतं.

ताईच्या घरी, नाशिकला, अबोला सासूबाईंनी धरला होता. त्यांना घरात सगळेच माई म्हणतात. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी झाली. माईंना ती भजनी मंडळासाठी हवी होती आणि दाजींना थिएटरसाठी. दाजींनी माईंच्या वामकुक्षीच्या वेळेत तीन खुर्च्या आत नेऊन ठेवल्या आणि प्रश्न निकालात काढला. मग मला फोन केला. "अरे, सगळं सामान आलंय. तू फक्त येऊन सांग, कुठे काय ठेवायचं."

मोजली. लांबी 12 फूट, रुंदी 10 फूट, जुना बंगला असल्यामुळे उंचीही 10 फूट. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, एक मोठी सरकती खिडकी आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. टाळी वाजवली. टाळी बराच वेळ घरी गेली नाही.

"कशी आहे खोली?" दाजींनी विचारलं.

"प्रशस्त आहे," मी म्हणालो. मेहुणा या नात्याने यापुढे बोलता येत नाही.

पहिलं भांडण पडद्यावरून झालं. दाजींनी 100 इंची पडदा आणला होता, कारण समोरच्यांकडे 100 इंची आहे. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. 100 इंची पडदा रुंदीला सव्वासात फूट भरतो. दहा फुटी भिंतीवर तो बसतो, दोन्ही बाजूंना स्पीकरपुरती जागाही उरते. प्रश्न भिंतीचा नसतोच. प्रश्न असतो, बघणारा किती लांब बसणार याचा.

याचा एक सोपा हिशोब आहे. आपल्या डोळ्यांसमोर पडद्याने साधारण 40 अंशांचा कोन व्यापला, की सिनेमा सिनेमासारखा वाटतो. 30 अंशांच्या खाली उतरलात की टीव्ही बघितल्यासारखं वाटायला लागतं. कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. पडद्याच्या इंचांना 10 ने भागा, उत्तर फुटांत घ्या, 40 अंशांची जागा मिळते. 100 इंचांना 10 फूट, 80 इंचांना 8 फूट, 55 इंची टीव्हीला साडेपाच फूट. हा शेवटचा आकडा मी कुणाच्याही दिवाणखान्यात सांगितला की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. आपल्या घरांत 55 इंची टीव्ही एका भिंतीवर असतो आणि सोफा समोरच्या भिंतीला पाठ लावून 12 फुटांवर. म्हणजे जेमतेम 19 अंश. एवढ्या लांबून क्रिकेट बघताना चेंडू दिसत नाही, म्हणून आपण समालोचनाचा आवाज वाढवतो.

सोफा भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या, असं सुचवून बघा कधी. घटस्फोटाची भाषा सुरू होते. "मागे जागा कशाला सोडायची? मागून कोण जाणार आहे?" बारा फुटांतले दोन फूट मोकळे सोडणं हे आपल्याकडे पाप आहे. जागेचा भाव काय चाललाय!

दाजींचंही तेच. 100 इंचांना 10 फूट, खोली 12 फूट, म्हणजे खुर्च्या मागे सरकवल्या की झालं, असा त्यांचा सरळ हिशोब. खुर्चीची पाठ मागे झुकली की भिंतीला टेकणार, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी, की डोकं मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर आलं की खर्जाचे आवाज फुगतात. का फुगतात ते पुढे सांगतो. मी खुर्च्या 8 फुटांवर आणा म्हणालो, म्हणजे मागे 4 फूट मोकळे राहतील. पण 8 फुटांवर 100 इंच म्हणजे 49 अंश होतात. तरुणांना ते चालतं, काहींना तर तेच आवडतं. मात्र पात्र पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं, की त्याच्याबरोबर मानही फिरवावी लागते.

वाद मिटवायला मी पडदा खोक्यातच ठेवायला लावला, प्रोजेक्टर स्टुलावर मांडला आणि उघड्या भिंतीवर चित्र टाकलं. कागदी चिकटपट्टीने आधी 100 इंचांची चौकट आखली, तिच्या आत 90 ची, तिच्या आत 80 ची. पडदा विकत घेण्याआधी प्रत्येकाने हे करावं. पट्टीचं एक बंडल लागतं आणि भिंत रंगवायची असतेच. मोटारींचा पाठलाग लावला आणि तिन्ही मापांत दाखवला. माई अबोला तेवढ्यापुरता बाजूला ठेवून बघायला आल्या होत्या. 100 ला त्यांनी डोळे मिटून घेतले. 90 ला उघडले. 80 ला म्हणाल्या, "हे बरंय, पण मग एवढा खर्च कशाला?" मी 80 म्हणत होतो, दाजी 100. मराठी माणसांचं जसं होतं तसं 90 वर मिटलं. 44 अंश. दुकानदाराने पडदा बदलून दिला. समोरच्यांना मात्र दाजी अजून शंभरच सांगतात.

पडदा किती उंच लावायचा, यावर वाद झाला नाही, कारण त्या दिवशी दाजी बँकेत गेले होते. आपल्याकडे टीव्ही लावायची उंची ही हार घातलेल्या फोटोंच्या उंचीवरून ठरते. पणजोबा जिथे आहेत, त्याच रेषेत टीव्ही. पणजोबांकडे आपण तीन तास बघत नाही, हा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही. खुर्चीत बसल्यावर डोळे जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतात, आणि चित्राचा मध्य त्या उंचीला किंवा किंचित वर असावा. 90 इंची चित्राची उंची 44 इंच, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येते. दाजी संध्याकाळी आले, बघितलं आणि म्हणाले, "हे पडलंय का लावलंय?"

आता खर्ज. आवाज सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो. 12 फुटी खोलीत एका विशिष्ट स्वराची अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्ये बरोब्बर मावते. 1125 भागिले 24, म्हणजे सेकंदाला 47 कंपनं. हा त्या लांबीचा स्वतःचा स्वर. तो वाजला की खोली नुसती ऐकत नाही, सूर मिळवते. 10 फूट रुंदीचा असाच स्वर 56 कंपनांचा, आणि उंचीही 10 फूटच असल्यामुळे तिचाही 56 चाच. रुंदी आणि उंची एकाच स्वरावर एकत्र आल्या की तो स्वर सुटता सुटत नाही. बेस गिटारची एक मोकळी तार 55 कंपनांवर असते, त्यामुळे ती छेडली गेली की दाजींच्या खोलीत गाण्याचा तेवढा एकच स्वर मैदानात उतरायचा आणि बाकीचे कडेला उभे राहायचे. सिनेमात ढोलावर टिपरू पडलं की 'ढब' ऐकू यायला हवं. इथे यायचं 'ढूंऽऽऽ', आणि ते पुढच्या वाक्याच्या पहिल्या तीन शब्दांवर बसून राहायचं. खोली लांबी-रुंदी-उंचीला सारखी असणं यातलं सर्वांत वाईट. 'छान चौकोनी खोली आहे' असं कौतुकाने कुणी दाखवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

या लाटांची एक खोड असते. भिंतीजवळ त्यांचा जोर पूर्ण असतो आणि दोन भिंतींच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून भिंतीला पाठ लावून बसलेल्याला धडधड जास्त ऐकू येते. तो म्हणतो, काय बेस आहे! आणि 12 फुटांच्या मधोमध, सहाव्या फुटावर बसलेल्याला 47 चा स्वर ऐकूच येत नाही. तो म्हणतो, माझा स्पीकर बिघडलाय. दोघेही दुकानात भांडायला जातात. 8 फुटांवर, म्हणजे लांबीच्या दोन तृतीयांशांवर, हा जोर निम्मा होतो. फुगत नाही आणि बुडतही नाही. मी 8 फुटांवर हटून बसलो होतो तो यासाठी. खुर्ची सरकवायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

खर्जाचं जे काळं खोकं असतं, सबवूफर, ते कुठे ठेवायचं याची एक जुनी युक्ती आहे. ती करताना माणूस शहाणा दिसत नाही, एवढाच तिचा दोष. खोकं उचलून आपण जिथे बसणार त्या खुर्चीवर ठेवायचं, खालचे स्वर सावकाश चढत-उतरत जातील असं काहीतरी लावायचं आणि आपण स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरायचं. स्पीकर आणि कान यांच्या जागा बदलल्या तरी त्या दोन जागांमधला व्यवहार तोच राहतो. त्यामुळे रांगताना ज्या जागी खर्ज सगळ्यांत सारखा ऐकू येईल, तिथे खोकं ठेवलं की खुर्चीत तसाच ऐकू येतो.

मधली खुर्ची. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण दाजींनी काढू दिलं नव्हतं. त्यावर सतरा किलोचं खोकं. खाली फरशीवर मी, माझ्यामागे दाजी, त्यांच्यामागे शनिवार-रविवारसाठी आलेला भाचा. तिघेही रांगतोय, कान जमिनीपासून हातभर वर, आणि खोलीत 'ऊंऽऽऽ' असा आवाज. खूण करायला खडू मिळेना, म्हणून ताईच्या डब्यातली रांगोळी घेतली होती. चांगली जागा आली की दाजी चिमटीने ठिपका टाकायचे. कोपऱ्यात पोचलो तर सगळे स्वर एकदम अंगावर आले, तिथे फुली. बाजूच्या भिंतीशी काही स्वर गायबच. पडद्याखाली, समोरच्या भिंतीच्या मध्याशी आलो आणि 56 चा तो हट्टी स्वर एकदम खाली बसला. रुंदीच्या मध्यावर रुंदीची लाट शून्य असते ना, त्यामुळे तिथे ठेवलेलं खोकं तिला ढकलूच शकत नाही. राहिली उंचीची लाट, ती एकटी फार दंगा करत नाही. दाजींनी तिथे चांगलं ठिपक्यांचं कमळच काढलं.

त्याच वेळी माई दारात आल्या. खुर्चीवर प्लॅस्टिकमध्ये काळं खोकं हुंकारतंय, समोर रांगोळी आणि घरातले तीन पुरुष लोटांगणाच्या तयारीत. त्यांनी नकळत हात जोडले. मग कसला देव आहे ते ध्यानात आलं, आणि अबोला आणखी आठवडाभर वाढला.

त्या सावकाश चढणाऱ्या स्वराने आणखी एक काम होतं. खोलीतल्या कुठल्या वस्तू चोरून गाताहेत, ते कळतं. कपाटाची मूठ एका ठरावीक स्वराला किणकिणायची, त्याच्या जरा वर गेलं की खिडकीची जाळी, आणि आणखी वर कपाटावर ठेवलेला भाच्याचा बक्षिसाचा कप. फेल्टचे तुकडे चिकटवून पहिल्या दोघांना गप्प केलं. कप ताईने हलवू दिला नाही. त्याच्यात मोजा कोंबला. हल्लीच्या ॲम्प्लिफायरबरोबर मायक्रोफोन येतो. तो खुर्चीवर उभा केला की यंत्र आपलं आपण मोजून आवाज सारखा करतं. फुगवटे ते छान दाबतं. खड्डे मात्र बुजवू शकत नाही. जिथे लाटा एकमेकींना खोडताहेत तिथे जोर वाढवला, तर खोडणाऱ्या लाटेचाही तेवढाच वाढतो, आणि यंत्र नुसतं तापतं. म्हणून आधी खुर्ची, मग खोकं, आणि सगळ्यांत शेवटी यंत्र. लोक उलटं करतात.

भाच्याने दरम्यान एक उद्योग करून ठेवला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही, असं त्याने कुठेतरी बघितलं होतं, आणि पुण्याहून येताना तो शंभर ट्रे घेऊन आला होता. ते घर आहे शाकाहारी. कुकरची शिटी सोडून जिथे कधी आवाज चढत नाही, त्या घरात त्या दिवशी चढला. ट्रे रिकामे आहेत, धुतलेले आहेत, आवाजासाठी आहेत, हे सगळं तो सांगत होता, तेव्हा माई म्हणाल्या, "अंड्याचा आवाज मला माहीत नाही, वास माहीत आहे." मी माईंची बाजू घेतली, आणि शास्त्राच्या आधाराने घेतली. पुठ्ठ्याचे ते पातळ वाडगे फार तर वरच्या पट्टीतली थोडी चरचर खातात. बोलण्याच्या आवाजाला ते पुरे पडत नाहीत आणि खर्जाला तर ते दिसतच नाहीत. इंचभर जाडीच्या काळ्या फोमचंही बरंचसं तसंच. त्याने खोली मढवली की वरचे स्वर मरतात, खालचे तसेच राहतात, आणि पात्रं उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी ऐकू येतात. 50 कंपनांची लाट साडेबावीस फूट लांब असते. ती इंचभर फोमला कशाला विचारते?

या सगळ्या शास्त्राचं मूळ गाद्यांत आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाचा तरुण प्राध्यापक होता. फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की वक्त्याचा एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढचे शब्द त्यावर जाऊन आदळायचे. ते नीट करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याने रात्री, सगळं शांत झाल्यावर, सँडर्स थिएटरमधल्या आसनांवरच्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक वाढवत मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. असा प्रकार त्याने बरेच दिवस चालवला. अंगावरच्या कपड्यांनीही मोजणीत फरक पडतो हे कळल्यावर तो कुठला कोट, कुठली विजार घातली होती तेही टिपून ठेवायला लागला. शोषण मोजायचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि खोलीतल्या वस्तूंची मिळून जेवढी 'उघडी खिडकी' होते तितका तो लवकर विरतो. त्याचं हे सूत्र आजही मी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून हिशोब करतो.

दाजींची रिकामी खोली 34 घनमीटरची. तिच्यातल्या सगळ्या गुळगुळीत वस्तू मिळून जेमतेम दोन-सव्वादोन चौरस मीटर खिडकी होत होती, म्हणजे आवाज अडीच सेकंद रेंगाळणार. सिनेमाच्या खोलीला 0.3 ते 0.4 सेकंद पुरेत. त्यासाठी 13-14 चौरस मीटर खिडकी जमवायची. जाड सतरंजी, भारी पडदे आणि तीन खुर्च्या मिळून पाचेक मीटर मिळाले. त्या खुर्च्यांवरून प्लॅस्टिक काढायला लावलं, कारण प्लॅस्टिक म्हणजे बंद खिडकी. बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर धरतात. दाजींना हे फार आवडलं. तेव्हापासून ते पाहुण्यांकडे बघून मनात आकडे मांडतात. जाडजूड मामा आले की म्हणतात, "या, मधे बसा, घुमतंय जरा."

उरलेली भरपाई चौकटींनी केली. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या आठ लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत दोन इंच जाडीचे रॉकवूलचे कडक पाट बसवले, वर कापड ताणलं आणि मागे दोन इंच पोकळी सोडून टांगल्या. पोकळी फुकट मिळते आणि जाडीसारखं काम करते. कापड निवडायची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हवा गेली तर आवाजही जाईल. सुताराने रेक्झिन सुचवलं होतं, "पुसायला बरं." चौकटी कुठे लावायच्या हे ताईच्या आरशाने ठरलं. दाजी मधल्या खुर्चीत बसले, भाचा बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेला, आणि आरशात जिथे समोरचा स्पीकर दिसला तिथे पेन्सिलीने खूण केली. आवाज भिंतीवर आपटून कानाकडे येतो तो तिथूनच. मागच्या भिंतीवर तीन, बाजूंना दोन-दोन आणि एक छताला. "आता शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना?" ताईने विचारलं. होणार. या चौकटी आतला घुमारा खातात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. त्याला जाड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. दाराखालची फट मात्र रबरी पट्टीने बुजवली, त्यामुळे निदान कुकरच्या शिट्या आत यायच्या थांबल्या.

राहिला उजेड, आणि तिथे प्रकरण पुन्हा माईंपर्यंत गेलं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जिथे काळं दाखवायचंय तिथे काही टाकत नाही, आणि आपण बघतो तो असतो पांढरा पडदा, खोलीत त्या क्षणी जेवढा अंधार असेल तेवढाच काळा. खोली पूर्ण बंद केली तरी पडद्यावरचाच उजेड पांढऱ्या छताला लागतो, छत तो परत पाठवतं, आणि खलनायकाचा काळा कोट राखाडी होतो. चित्र थांबवून मागे वळून बघा. छताच्या उजेडात पेपर वाचता आला, तर सिनेमात रात्र होणार नाही. मी काळा रंग म्हणालो.

माईंनी अबोला सोडला. "घरात काळी खोली? मी आहे अजून."

मग गडद वांगी रंगावर तह झाला. पूर्ण मॅट, कारण गडद रंगही चकचकीत असला की आरशासारखा वागतो. आणि सगळी खोली नाही. पडद्यालगतचे चार-पाच फूट, छत आणि दोन्ही बाजू, तेवढं खरं महत्त्वाचं. मागचा भाग फिका ठेवला आणि माईंची समजूत पटली. खिडकीला उजेड अडवणारे जाड पडदे होतेच, पण पडदा कधी मधून गळत नाही. तो गळतो वरून आणि कडांनी. सकाळी 11 वाजता पडद्याच्या दांडीच्या वरून उन्हाची एक पट्टी छतावर येऊन बसायची. वर लाकडी पेटी करून ती बंद केली आणि पडदे चौकटीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त रुंद घेतले. मग दिवे विझवून डोळे सरावायची वाट बघितली, तेव्हा खोलीत बारीक दिव्यांची वस्ती दिसली. एसीचा आकडा, राउटरचे लुकलुकणारे डोळे, ॲम्प्लिफायरचं निळं बटण, विजेच्या पट्टीचा लाल ठिपका. काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावत फिरलो. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर नाही, नुसता टीव्ही आहे, त्यांनी मात्र एवढा अंधार करू नये, डोळे शिणतात. टीव्हीच्या मागे, भिंतीवर पडेल असा मंद पांढरा उजेड ठेवावा. 6500 केल्विनची पट्टी मिळते, पिवळी नको.

आता खोली रोज चालते. फक्त तीन खुर्च्यांत एकच जागा खरी बरोबर आहे, मधली, आणि तिच्यावर ताई बसते. हे कुणी ठरवलं नाही. उठायला सोपं जावं म्हणून दाराकडची माईंनी घेतली. दाजींच्या वाट्याला राहिली खिडकीकडची. तिच्यापासून मागचा उजवा स्पीकर जेमतेम दीड हातावर आहे. संवाद बाकीच्यांना समोरून येतात, दाजींना ते हेलिकॉप्टरच्या पलीकडून येतात. स्पीकर जरा वर चढवून मागे वळवू का, असं मी दोनदा विचारलं. "नको रे," ते म्हणाले, "इथे जास्त येतं." येतंच. सिनेमात पाऊस लागला की दाजी उजवा खांदा आखडून घेतात, आणि बाकी दोघी कोरड्या असतात.